पोस्टिंगमध्ये सुई टोचली तर पहिल्या दोन तासात काय करायचं (नर्सिंगच्या नव्या पोरापोरींसाठी)

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळची शिफ्ट, सांगली जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलचा मेल मेडिसिन वॉर्ड, आणि सेकंड इयरची एक मुलगी ट्रॉलीवरचा ट्रे आवरत होती. त्या ट्रेमधून थोड्या वेळापूर्वी दोन पेशंटना कॅन्युला लावलेल्या, एक 9 नंबर बेडला आणि एक 14 नंबरला, आणि लावणाऱ्याने कॅन्युलाच्या आतल्या सुया शार्प्सच्या डब्यात न टाकता ट्रेमध्येच ठेवलेल्या, त्यावर रक्ताचा कापूस, त्यावर चिकटपट्टीचे तुकडे. हिने सगळं एका मुठीत गोळा केलं आणि कापसाखालची सुई ग्लोव्हमधून डाव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. वेळ 6:40. मला वेळ माहीत आहे कारण तिने सगळ्यात आधी घड्याळ बघितलं होतं, आणि हे तिने फार शहाणपणाचं काम केलं, का ते पुढे सांगते.

मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे, त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काढलीत. या मुलीची केस मी या लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे कारण बहुतेक सगळ्या गोष्टी तिच्यात येतात, आणि जिथे तुमची केस वेगळी असू शकते तिथे तसं सांगत जाईन.

पहिली पाच मिनिटं, फक्त नळ आणि साबण

हातातलं काम तिथेच थांबवायचं. पेशंटला काही लावत असताना झालं असेल तर शेजारच्या मैत्रिणीला हाक मारून पेशंट तिच्याकडे सोपवा, सुई हातात असेल तर टोपण लावायच्या भानगडीत न पडता सरळ शार्प्सच्या पांढऱ्या डब्यात टाका, ग्लोव्ह काढा आणि बेसिनला जा. वाहत्या पाण्याखाली जखम साबणाने धुवायची, दोन-चार मिनिटं नीट, बास. एवढंच फर्स्ट एड आहे.

आता काय करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं, कारण वॉर्डात प्रत्येकजण काहीतरी सांगायला येतो. या मुलीलाही मावशींनी सांगितलं, "दाब की बाळ जोरात, सगळं घाण रगत भाईर जाऊ दे." मावशींचा जीव तुटतो म्हणून त्या सांगतात, पण बोट दाबून, पिळून रक्त काढायचं नाही. त्याने व्हायरस बाहेर येतो असा काही पुरावा नाही, उलट तिथल्या पेशी चेंगरतात आणि जागा अजून सुजते. बोट तोंडात घालायचं नाही, जे आपण स्वयंपाकघरात चाकू लागला की आपोआप करतो. ब्रशने घासायचं नाही. स्पिरिट, ब्लीच, हायपो यातलं काहीही जखमेवर ओतायचं नाही, ब्लीचने तर कातडीच जळते आणि उघड्या जखमेची वाट अजून मोठी होते. आग झाली म्हणजे जंतू मेला असं नसतं.

रक्त डोळ्यात उडालं असेल तर खुर्चीवर बसून मान मागे टाका आणि मैत्रिणीला साधं पाणी नाहीतर नॉर्मल सलाइन हळूहळू ओतायला सांगा, पापण्या वर-खाली ओढून, साबण अजिबात नको. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी तशीच ठेवून धुवा, मग काढा. तोंडात गेलं असेल तर लगेच थुंका आणि पाण्याने पुन्हा पुन्हा चुळा भरा.

सांगणं हाच दुसरा उपचार

इथे मुली अडकतात. हात धुवून झाला, रक्त थांबलं, बोटावर एक ठिपका दिसतोय, आणि मनात येतं की कशाला सांगायचं, इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर बोलतील, मॅडम म्हणतील तुझंच लक्ष नव्हतं, घरी कळलं तर नर्सिंगच सोडायला लावतील. मी हे नुसतं ऐकलेलं सांगत नाहीये. 2009 साली मी स्टुडंट असताना इन्सुलिनच्या सुईला परत टोपण लावताना मला अंगठ्यात टोचली होती आणि मी कुणालाच सांगितलं नाही. पेशंट दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज झाले, त्यांचं नाव सुद्धा मला नीट आठवेना, आणि मग सहा महिने मला साधा ताप आला तरी रात्रभर झोप लागायची नाही. शेवटी मी स्वतः जाऊन टेस्ट केली, रिपोर्ट चांगला आला, पण तोपर्यंत ज्या औषधांचा उपयोग झाला असता त्यांची वेळ केव्हाच निघून गेली होती.

ती वेळ म्हणजे किती, हे पाठ करा. एचआयव्हीसाठी जी प्रतिबंधक औषधं देतात, ज्याला वॉर्डात सगळे पेप म्हणतात, त्याचा पहिला डोस शक्यतो 2 तासांच्या आत जायला हवा आणि 72 तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ राहत नाही. व्हायरस आत गेल्यावर लगेच रक्तभर पसरत नाही, आधी तिथल्याच पेशींमध्ये आणि मग जवळच्या गाठींमध्ये जातो, औषधाला त्याला गाठायचं असतं ते त्या मधल्या वेळेत. म्हणून "ड्युटी संपली की सांगते" हे चालत नाही. आणि म्हणून घड्याळ बघायचं, कारण कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार.

आमच्या मुलीने 6:50 ला इनचार्ज सिस्टरना सांगितलं. तुम्हीही आधी वॉर्डच्या सिस्टरना सांगा, त्याच मिनिटाला आपल्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना फोन करा. वाक्य लांबड लावून बोलायची गरज नाही, "सिस्टर, मला सुई टोचली आहे, वापरलेली होती, 6:40 ला, मला कॅज्युअल्टीला जायचंय" एवढं पुरे. कोणी म्हणालं की "छोटीशीच तर आहे, काही होत नाही" तर ऐकू नका. लहान-मोठी ठरवायचं काम डॉक्टरांचं.

कॅज्युअल्टीत काय काय विचारतात

7:10 ला ती कॅज्युअल्टीत होती. डॉक्टरांनी जे विचारलं ते असं: सुई पोकळ की भरीव, म्हणजे इंजेक्शनची की टाके घालायची, ती शिरेत जाऊन आलेली का, त्यावर रक्त दिसत होतं का, किती खोल गेली, ग्लोव्ह होता का. यावरून धोका किती ते ठरतं. पोकळ सुईच्या आत रक्त अडकून राहतं म्हणून ती जास्त वाईट, आणि शिरेतून निघालेली सुई त्याहून वाईट. कॅन्युलाची आतली सुई म्हणजे पोकळही आणि शिरेतून आलेलीही, त्यामुळे बोटावर ठिपकाच दिसत असला तरी ही केस किरकोळ नव्हती. ग्लोव्हचा फायदा एवढाच की सुई त्यातून जाताना बाहेरचं थोडं रक्त पुसलं जातं, आतलं तसंच राहतं.

दुसरा प्रश्न सोर्सचा, म्हणजे सुई कोणाला वापरलेली. इथे दोन पेशंट होते आणि ट्रेमध्ये दोन सुया होत्या. कॅन्युलाचा गुलाबी नाहीतर निळा रंग पेशंटच्या हातावरच राहतो, आतली सुई बाहेर आली की तिच्यावर रंग नसतो, त्यामुळे कोणती सुई कोणाची हे कुणालाच खात्रीने सांगता येईना. अशावेळी अंदाज बांधत बसायचं नाही, दोघांनाही सोर्स धरायचं. एकाने सुचवलं की सुईच लॅबला पाठवू, तर तेही करत नाहीत, सुईवरच्या रक्ताची टेस्ट भरवशाची नसते आणि ती हाताळताना अजून एखाद्याला टोचायची.

मग पेप. दोघांचाही एचआयव्हीचा रिपोर्ट नव्हता. रिपोर्टची वाट बघायची नाही, धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर पहिला डोस आधी, चौकशी नंतर. ही औषधं फक्त एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्राच्या, कपाटात असून भागत नाही कारण सेंटर संध्याकाळी बंद असतं, म्हणून ती कॅज्युअल्टी, लेबर रूम, आयसीयू अशा ठिकाणी चोवीस तास ठेवायची असतात. आजकाल एकच गोळी येते, तिच्यात टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, 28 दिवस. तिने पहिली गोळी 7:50 ला घेतली, म्हणजे टोचल्यापासून 1 तास 10 मिनिटांनी.

त्याच वेळी तिचं स्वतःचं रक्त घेतलं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, बी च्या लसीचा टायटर म्हणजे लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाली ते, शिवाय क्रिएटिनिन, लिव्हरची टेस्ट आणि सीबीसी. मुलींना वाटतं माझी टेस्ट कशाला, मी तर चांगली आहे. तर ही टेस्ट याचसाठी की आज तुमच्या अंगात काही नव्हतं हे कागदावर यावं, नाहीतर सहा महिन्यांनी काही निघालं तर ते या सुईमुळे की आधीचं हे कोण सांगणार. आणि हिपॅटायटिस बी आधीपासून असेल तर पेपमधली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्यावरही काम करतात, त्या अचानक बंद केल्या तर लिव्हर भडकू शकतं, म्हणून डॉक्टरांना ते आधी कळायला हवं. लग्न झालेलं असेल, पाळी चुकली असेल, तर तेही न लाजता सांगा. गरोदरपणातही पेप देतात, फक्त डॉक्टरांना माहीत असावं लागतं. टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारतील.

सोर्स पेशंटकडे कसं जायचं

तुम्ही स्वतः जायचं नाही. ज्याला टोचलंय त्याने पेशंटसमोर उभं राहून रडत रक्त मागायचं हे बरोबर नाही, ते काम ड्युटीवरचे डॉक्टर नाहीतर समुपदेशक करतात. आणि पेशंटच्या आधीच्या सॅम्पलमधून त्याला न सांगता एचआयव्ही टेस्ट लावून घेणं, जे "जाऊ दे, लॅबमध्ये आपला ओळखीचा आहे" म्हणून केलं जातं, ते कायद्याने चालत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यात पेशंटची संमती आणि त्याची गुप्तता दोन्ही लिहिलेलं आहे. त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूने हेही लिहिलंय की जिथे कामात रक्ताशी संबंध येतो अशा आरोग्यसंस्थेने तिथे काम करणाऱ्यांना सुरक्षेची साधनं, ट्रेनिंग आणि गरज पडल्यास पेप द्यायचं आहे. स्टुडंट पगारावर नसतात म्हणून त्यांना बाजूला ठेवायचं हे माझ्या मते चुकीचं आहे, सुईला पगाराची स्लिप दिसत नाही.

9 नंबरचा तरुण मुलगा आधी बिचकला, मग त्याच्या भावाला बाहेर पाठवून डॉक्टर एकट्याशी बोलल्यावर तयार झाला. 14 नंबरचे आजोबा जत भागातले, त्यांना सगळं नीट समजावून सांगितल्यावर म्हणाले, "घ्या की डॉक्टर, त्या पोरीला पायजे म्हणताय तर दोनदा घ्या." पेशंटने नाहीच म्हटलं तर जबरदस्ती नाही, मग सोर्स अज्ञात धरून डॉक्टर ठरवतात.

साडेआठला रॅपिड टेस्टचे रिपोर्ट आले. दोघांचेही एचआयव्ही नॉन-रिॲक्टिव्ह, हिपॅटायटिस सी दोघांचेही निगेटिव्ह. मुलगी तिथेच खुर्चीत बसून रडली, सुटले म्हणून. आणि मग डॉक्टरांनी तिसरी ओळ वाचली, 14 नंबरच्या आजोबांचा हिपॅटायटिस बी चा एचबीएसएजी रिॲक्टिव्ह, म्हणजे तो व्हायरस त्यांच्या रक्तात होता.

ज्याला आपण घाबरत नाही तो

सगळी भीती एचआयव्हीची असते, आणि आकडे मात्र उलटे आहेत. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली आणि काहीच औषध घेतलं नाही तर 1000 मधल्या साधारण 3 जणांना लागण होते. हिपॅटायटिस सी मध्ये 100 मागे साधारण 2 किंवा त्याहून कमी. हिपॅटायटिस बी मध्ये लस न घेतलेल्या 100 जणांपैकी 6 ते 30 जणांना होऊ शकते, पेशंटच्या रक्तात व्हायरस किती यावर ते अवलंबून. शिवाय हा व्हायरस सुकलेल्या रक्तात निदान 7 दिवस टिकतो, त्यामुळे "सुई जुनी होती, रक्त वाळलेलं होतं" यात काही दिलासा नाही.

पण याच्यावर लस आहे, आणि तीन डोस पूर्ण होऊन टायटर 10 किंवा जास्त आलेला असेल तर पेशंट पॉझिटिव्ह असला तरी तुम्हाला काहीही करावं लागत नाही. काहीही नाही. डॉक्टर कार्ड बघतात आणि घरी पाठवतात.

आमच्या मुलीकडे कार्ड होतं पण त्यावर दोनच डोस. ॲडमिशन झाल्यावर ऑगस्टमध्ये पहिला, सप्टेंबरमध्ये दुसरा, आणि सहा महिन्यांचा तिसरा फेब्रुवारीत ड्यू होता तेव्हा ती बहिणीच्या लग्नाला गावी गेलेली आणि मग राहूनच गेला. टायटर कधी केलाच नव्हता. मी हे सांगताना तिला दोष देत नाहीये, आमच्याकडून सुद्धा कुणी यादी तपासली नाही की कोणाचा तिसरा डोस राहिलाय, आणि ते आमचं काम होतं.

टायटरचं सॅम्पल आदल्या संध्याकाळीच गेलेलं, सकाळी रिपोर्ट आला, 10 च्या खाली. म्हणजे दोन डोसचं संरक्षण पुरेसं नव्हतं. अशावेळी एचबीआयजी देतात, म्हणजे हिपॅटायटिस बी विरुद्धची तयार अँटिबॉडी. लस शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते पण त्याला वेळ लागतो, एचबीआयजी बनवलेलीच आणून देते. 24 तासांच्या आत दिलेली सगळ्यात चांगली, उशिरात उशिरा 7 दिवस. डोस वजनावर, किलोमागे 0.06 मिलिलिटर, तिचं वजन 48 किलो म्हणजे 2.88 मिलिलिटर. ब्रँडप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये युनिट किती ते बदलतं म्हणून हिशोब डॉक्टरांनाच करू द्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः लक्षात ठेवा, टायटरचं रक्त एचबीआयजी देण्याच्या आधी घेतलेलं असलं पाहिजे. एकदा बाहेरून अँटिबॉडी दिली की टायटर वर दिसणारच, तो तुमचा की इंजेक्शनचा ते कळत नाही.

हे इंजेक्शन महाग असतं, हजारांमध्ये जातं, आणि प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, मिरजेतही सकाळी दोन-तीन ठिकाणी फोन केल्यावर मिळालं. बर्फाच्या पिशवीत आणलं, कारण फ्रिजमधलं औषध आहे. साडेअकराला तिला ते दिलं, म्हणजे टोचल्यापासून 17 तासांच्या आत, आणि त्याच वेळी दुसऱ्या जागी लसीचा राहिलेला तिसरा डोस. दोन्ही एकाच जागी देत नाहीत. पैसे कोण देणार यावर कॉलेज आणि हॉस्पिटल यांच्यात तासभर फोनाफोनी झाली. म्हणून सांगते, पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी प्रिन्सिपल मॅडमना वर्गाने मिळून विचारा की असं झालं तर खर्च कोणाचा, आणि उत्तर लेखी घ्या.

पेपचं काय झालं? गोळी दिवसातून एकदाच असल्यामुळे दुसरी गोळी संध्याकाळपर्यंत नव्हती, तेवढ्या वेळात आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या टेस्ट आणि समुपदेशनाच्या केंद्रात, दोघा पेशंटचे रिपोर्ट पक्के करून घेतले, नुकतंच काही रिस्की झालंय का हेही समुपदेशकांनी त्यांना विचारलं, कारण अगदी ताज्या इन्फेक्शनमध्ये टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि मग डॉक्टरांनी पेप बंद केलं. बंद करणं हा निर्णय डॉक्टरांचा, मळमळतंय म्हणून आपणच सोडायचं नाही.

28 दिवस घ्यावं लागलं तर

सोर्स पॉझिटिव्ह निघाला किंवा कळलाच नाही तर पूर्ण 28 दिवस. पुढच्या गोळ्या एआरटी सेंटरमधून मिळतात. थोडी मळमळ, डोकं दुखणं, झोप न लागणं असं होतं, बहुतेकांचं आठवड्याभरात कमी होतं. नर्सिंगच्या मुलींसाठी एक खास गोष्ट: आपल्यातल्या निम्म्या मुली हिमोग्लोबिन कमी म्हणून आयर्नच्या गोळ्या घेतात, कुणी कॅल्शियम, आणि मेसच्या जेवणाने ॲसिडिटी झाली की अँटासिड. डोल्युटेग्रॅव्हिर या सगळ्यांना चिकटतं आणि पोटातून रक्तात नीट जातच नाही. म्हणून पेपची गोळी अँटासिडच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्या. आयर्न, कॅल्शियमलाही हाच नियम, फक्त जेवणाबरोबर घेत असाल तर दोन्ही एकत्र चालतात. काय काय गोळ्या चालू आहेत ते सेंटरमध्ये सांगा.

फॉलो-अपला एचआयव्ही टेस्ट पहिल्या दिवशी, मग 6 आठवडे, 3 महिने आणि 6 महिन्यांनी. तोपर्यंत रक्तदान नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण कॉलेजमध्ये एनएसएसचं शिबिर लागतं आणि सगळे चाललेत म्हणून आपणही जातो. लग्न झालेलं असेल तर कंडोम वापरायचा. मधल्या काळात ताप, अंगावर पुरळ, गाठी असं काही आलं तर वाट न बघता दाखवायचं. हिपॅटायटिस सी चा सोर्स असेल तर त्यावर आधी घ्यायची लस नाही आणि गोळीही नाही, पण ठरलेल्या वेळी टेस्ट केल्या आणि लागण झाली असं निघालं तर आता गोळ्यांनी तो बरा होतो, आणि राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात त्या फुकट मिळतात.

कागद

रात्री घरी जायच्या आधी रिपोर्ट लिहून व्हायला हवा. हॉस्पिटलचा नीडल स्टिक इन्सिडन्ट फॉर्म असेल तर तो, नसेल तर साध्या कागदावर मेट्रनच्या नावे अर्ज, एक प्रत कॉलेजला. तारीख, वेळ, वॉर्ड, काय करत असताना झालं, कसली सुई, ग्लोव्ह होता का, काय फर्स्ट एड केलं, किती वाजता कोणाला सांगितलं, किती वाजता पहिला डोस घेतला, हिपॅटायटिस बी चे किती डोस झालेत. जे झालं तेच लिहा. "चुकून माझ्याकडून" असं काही लिहायला कोणी सांगितलं तर लिहू नका, सुई ट्रेमध्ये कापसाखाली होती तर तसंच लिहा. आणि पोच घ्या, शिक्का आणि सही असलेली, झेरॉक्स स्वतःच्या फाइलमध्ये.

पेशंटचं नाव आणि त्याचा रिपोर्ट मात्र वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये. आमच्या केसमध्ये ते एकीने टाकलंच होतं, दहा मिनिटांत डिलीट करायला लावलं, पण दहा मिनिटं साठ जणांनी वाचलं. 14 नंबरच्या आजोबांना स्वतःचा आजार त्या रात्रीच पहिल्यांदा कळला होता, त्यांच्या मुलाला सुद्धा अजून माहीत नव्हतं.

गावाकडच्या पोस्टिंगला असाल तर

उपकेंद्रात, लसीकरणाच्या सत्रात टोचलं तर धुणं तेच, सांगणं तेच, फक्त औषध जवळ नसतं. पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरना लगेच फोन करा आणि त्यांनाच विचारा की पेप सगळ्यात जवळ कुठे आहे, ग्रामीण रुग्णालयात की थेट सांगली सिव्हिलला नाहीतर साताऱ्याच्या सिव्हिलला जायचं. निघायच्या आधी तिथे फोन करून घ्या, नाहीतर दोन तास एसटीत जातात आणि पोचल्यावर कळतं की चावी असलेला माणूस घरी गेलाय. कुणीच फोन उचलेना तर नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. "उद्या सकाळी जाऊ" म्हणायचं नाही, गाडी मागवा, मॅडमना सांगा, रात्र झाली तरी.

आमच्या मुलीच्या टेस्ट सप्टेंबरमध्ये परत झाल्या, बरोबर सहा महिन्यांनी, कारण तोपर्यंत एचबीआयजीची उसनी अँटिबॉडी संपलेली असते आणि टायटर खरा कळतो. एचबीएसएजी निगेटिव्ह, टायटर 186. 14 नंबरच्या आजोबांची फाइल सिव्हिलला चालू आहे. आणि आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी वर्गात लसीची कार्डं टेबलावर काढायला लावते, ज्याचा डोस राहिलाय त्याला त्या दिवशी वॉर्डला पाठवत नाही, आधी लस घेऊन यायचं.